लेकरांना घेऊन समुद्रावर: पाण्याची ओढ, झेंडे आणि पोहण्याची हद्द

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. आपल्या माणसाचं पाणी म्हणजे शेतातली विहीर, गावची बारव, गोदावरीचा डोह, नाहीतर धरणाचा फुगवटा. पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस पुढे दमदार पोहतो, यात शंका नाही. पण विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं, काठ चार हातांवर असतो आणि दमलं की पायरीला हात लावता येतो. समुद्रात यातलं काहीच मिळत नाही. तिथे पाणी स्वतः चालतं आणि माणसाला सोबत घेऊन जातं. म्हणून किनाऱ्यावर फक्त न पोहणारेच बुडत नाहीत. 'मला पोहता येतं' या भरवशावर आत गेलेला तरणाताठा मुलगाही सापडतो.

आपल्या सहलींची आणखी एक अडचण आहे. लातूर, नांदेड, हिंगोलीकडून कोकण किंवा गोवा म्हणजे रात्रभराचा प्रवास. सकाळी गाडीतून उतरलो की लेकरं थेट पाण्याकडे पळतात आणि मोठेही म्हणतात, एवढ्या लांबून आलोय तर आधी भिजून घेऊ. अंगात झोप नाही, पोटात काही नाही, किनारा ओळखीचा नाही, जीवरक्षक अजून जागेवर आलेला नाही. या पहिल्या तासासाठीच सगळ्यांत जास्त तयारी लागते, आणि ती घरूनच करायची असते.

घर सोडण्याआधी: ऋतू, किनारा आणि भरतीची वेळ

ऋतूचं सोपं आहे. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही. गोव्यात या चार महिन्यांत पोहायला मनाई असते आणि किनाऱ्यांवर लाल झेंडे लावलेले असतात. कोकणातही पावसाळ्यात असे आदेश निघतात. त्या दिवसांत समुद्र लांबून पाहावा.

मात्र पावसाळा संपला म्हणजे धोका संपला, असं धरू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारी महिना होता, वादळ-पावसाचे दिवस नव्हते. उन्हाळ्यात तर आणखी एक प्रकार घडतो. दूर दक्षिणेकडच्या महासागरात वादळ होतं आणि तिथून निघालेल्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन पोचतात. इथे आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि पाणी मात्र अचानक चढतं. केरळचे मच्छीमार याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते. निघण्याच्या आदल्या दिवशी incois.gov.in पाहून घ्या आणि इशारा असला तर तो दिवस देवदर्शनाला, किल्ल्याला द्या.

किनारा निवडताना लेकरं सोबत असतील तर पहिला प्रश्न एकच: तिथे जीवरक्षक आहे का, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? गोव्यात सरकारने २००८ पासून दृष्टी या संस्थेकडे हे काम दिलेलं आहे. कळंगुट, बागा, कोलवा अशा गर्दीच्या किनाऱ्यांवर सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा अशी त्यांची साधारण वेळ असते. कोकणात काही मोजक्या किनाऱ्यांवर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा देवस्थान जीवरक्षक ठेवतं, पण ते कुठे, कधी आणि किती हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. खोली आरक्षित करतानाच फोनवर विचारा. 'किनारा सेफ आहे का?' असं विचारलं तर 'एकदम सेफ' हेच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, 'जीवरक्षक कुठे बसतो? परवा, मंगळवारी, दुपारी असेल का?' याचं नेमकं उत्तर आलं नाही, तर जीवरक्षक नाही असंच समजा. तो निर्मनुष्य, सुंदर, फोटोत झकास दिसणारा किनारा संध्याकाळी वाळूत फिरायला ठेवा. लेकरांच्या पाण्याची जागा ती नाही.

मग भरतीची वेळ. कोकणात पूर्वापार एक हिशेब चालतो आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तो आपल्यालाही करता येतो. त्या दिवशीची तिथी घ्या, शुद्ध असो वा वद्य, आणि तिला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यापासून सव्वासहा तासांनी ओहोटी, पुन्हा तेवढ्याच वेळाने दुसरी भरती. हा हिशेब मुंबईकडचा, तोही अदमासाचा आहे. दक्षिणेला रत्नागिरी, गोव्याकडे भरती साधारण अर्धा-पाऊण तास आधी येते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा स्थानिक मच्छीमाराकडे मिळेल, पण सहलीचा दिवस आखायला हा अंदाज पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि म्हणून जास्त जोराने वाहतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हे सगळं मवाळ असतं. सुटी पुढेमागे करता येत असेल तर लहान लेकरांसाठी अष्टमीच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस बरे.

जिथे पाणी शांत दिसतं, तिथे ओढ असते

किनाऱ्यावरचे लोक म्हणतात, 'इथं पाण्याला ओढ आहे.' वर्तमानपत्रात त्यालाच रिप करंट म्हणतात. ही गोष्ट नीट समजून घेतली की बाकीचे सगळे नियम आपोआप समजतात, म्हणून इथे थोडं थांबू.

लाटा सतत पाणी किनाऱ्याकडे लोटत असतात. लोटलेलं पाणी कुठून तरी मागे जायला हवं. किनाऱ्याला समांतर, पाण्याखाली वाळूचे लांबट उंचवटे असतात. लाटा त्यांच्यावर आपटून फुटतात, पांढरा फेस होतो आणि पाणी उंचवट्याच्या अलीकडे साचतं. हे साचलेलं पाणी मग आडवं सरकतं आणि उंचवट्यात जिथे खिंड असेल तिथून एकवटून समुद्राकडे पळतं. बांध फुटल्यावर वावरातलं सगळं पाणी त्या एकाच भगदाडातून कसं धावतं, तसंच हे. खिंडीत पाणी खोल असतं, त्यामुळे तिथे लाट फुटत नाही. जिथे लाट फुटत नाही, तिथे फेस नाही, आवाज नाही, वर पाणी गुळगुळीत.

आता लहान लेकरू घेऊन आलेल्या आईच्या नजरेने पाहा. डावीकडे लाटा आपटताहेत, उजवीकडे लाटा आपटताहेत, मधला पट्टा मात्र शांत आहे. ती लेकराला घेऊन त्या शांत पट्ट्याकडेच जाणार. बुडण्याच्या कितीतरी घटनांची सुरुवात अशी होते. फेसाळ लाटेची भीती वाटते, पण त्या फेसाखाली बहुतेक वेळा वाळूचा उथळ उंचवटा असतो. फसवतो तो शांत पट्टा.

ओढ ओळखायची तर पाण्यात उतरण्याआधी जरा उंचावर, दगडी बांधावर किंवा वाळूच्या टेकाडावर, दहा मिनिटं उभं राहा. दोन लाटा पाहून काही कळत नाही, कारण मोठ्या लाटांची टोळी मध्ये काही मिनिटांचा खंड घेऊन येते. लाटांच्या पांढऱ्या रांगेत एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा खंड पडतोय का, तिथलं पाणी आजूबाजूपेक्षा गडद आहे का किंवा वाळू ढवळून गढूळ झालंय का, फेस आणि कचरा किनाऱ्याकडे यायच्या ऐवजी आत चाललाय का, हे पाहा. शंका वाटली तर नारळाची करवंटी किंवा वाळकी काटकी पाण्यात टाका आणि ती कुठे जाते ते बघत राहा. ती परत आली, तरी तेवढ्यावर जागा निर्धोक ठरत नाही. पण ती आत गेली, तर उत्तर मिळालंच.

काही ठिकाणी ओढ जवळपास कायमची असते: खडकाच्या कडेला, धक्क्याच्या बाजूला, आणि डोंगराचं टोक समुद्रात घुसतं तिथे. त्याहून वाईट जागा म्हणजे खाडीचं मुख. कोकणातल्या अनेक किनाऱ्यांना एका टोकाला खडक आणि दुसऱ्या टोकाला खाडी असते. ओहोटी लागली की खाडीत भरलेलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे निघतं. तिथे लाटा कमी, पाणी सपाट, वाळूही छान पसरलेली. आपल्या माणसाला ते नदीच्या डोहासारखं ओळखीचं वाटतं. तिथे पाऊलही टाकू नका.

या ओढीचा वेग बहुतेक वेळा माणसाच्या चालण्याएवढा किंवा त्याहून कमी असतो, पण काही वेळा तो सेकंदाला दोन मीटरच्याही पुढे जातो. जगातला सर्वांत वेगवान पोहणारा पन्नास मीटर जातो तोही साधारण तेवढ्याच वेगाने. विहिरीत पाच फेऱ्या मारणाऱ्याने या वेगाशी टक्कर घेण्यात अर्थ नाही. ओहोटीच्या वेळी उंचवट्यांवर पाणी कमी राहतं आणि जास्तीचं सगळं खिंडीतूनच जातं, म्हणून तेव्हा ओढ सहसा वाढते. लेकरांसाठी वेळ निवडायची ती अर्धी भरती चढल्यापासून पूर्ण भरती होईपर्यंतची.

झेंडे कसे वाचायचे

किनाऱ्यावर पोचल्यावर आधी झेंडा शोधा, मग सतरंजी टाकायची जागा. वर लाल आणि खाली पिवळा असा दुरंगी झेंडा म्हणजे इथे जीवरक्षक पाहतोय. असे दोन झेंडे काही अंतरावर रोवलेले असतात आणि पोहण्याची जागा म्हणजे फक्त त्या दोहोंच्या मधला पट्टा. जीवरक्षकांनी सकाळी पाणी पाहून तो निवडलेला असतो. वाळूचे उंचवटे आणि खिंडी सरकतात, त्यामुळे झेंड्यांची जागाही बदलते. गेल्या वर्षी इथेच उतरलो होतो, हे कारण चालत नाही.

नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही. गुडघ्यापर्यंतही नाही, पाय भिजवायलाही नाही. एकावर एक असे दोन लाल झेंडे म्हणजे पाणी पूर्ण बंद. नुसता पिवळा म्हणजे पाणी खवळलेलं आहे, जपून. पट्टीचा पोहणारा तेव्हा काय करतो ते त्याचं त्याने पाहावं, लेकरं सोबत असतील तर पिवळ्याला लालच समजा. जांभळा झेंडा कुठे दिसला तर जेलीफिश किंवा डंख मारणारे जीव आहेत. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे ती जागा होड्या आणि सर्फबोर्डांची आहे, तिथे पोहायचं नाही.

दोन ठिकाणी लोक हमखास गोंधळतात. एक, झेंडाच नाही म्हणजे काही धोका नाही, असा अर्थ काढतात. झेंडा नाही याचा अर्थ इथे कोणी पाणी तपासलेलं नाही. संध्याकाळी दुरंगी झेंडा उतरवला की जीवरक्षकाची वेळ संपली, आणि तुमचीही संपली. दुसरं, 'ब्लू फ्लॅग' किनारा म्हणजे पोहायला सुरक्षित पाणी, असं समजतात. ते स्वच्छता, सोयी आणि व्यवस्थेचं मानांकन आहे. आज या घडीला पाणी कसं आहे, याबद्दल तो निळा झेंडा काही सांगत नाही.

झेंड्यांच्या मध्ये उतरलात तरी तिथेच राहाल असं नाही. लाटा तिरक्या येत असतील तर पाणी किनाऱ्याच्या कडेकडेने वाहतं आणि माणूस खेळता खेळता कळायच्या आत बाजूला सरकतो. म्हणून वाळूवरची एखादी ठळक खूण, आपली छत्री किंवा जीवरक्षकाचा मनोरा, नजरेसमोर धरा. दर चार-पाच मिनिटांनी मान वर करून पाहा. खूण बाजूला गेली असेल तर बाहेर या, वाळूवरून चालत परत मध्ये जा.

लेकरांची हद्द त्यांच्या गुडघ्यावर मोजा

मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढं पाणी चार वर्षांच्या लेकराच्या जवळपास कमरेला लागतं, आणि लाट आली की छातीला लागतं. परत जाणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, लेकरू खाली बसतं आणि तसंच घसरत आत जातं. म्हणून सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांची हद्द त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यापर्यंत, आणि मोठं माणूस हात लांबवला की लेकराला धरता येईल एवढ्या अंतरावर, समुद्राच्या बाजूला उभं. वाळूवर खुर्ची टाकून 'लक्ष आहे माझं' म्हणणं पुरत नाही. पोहता येणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना त्यांच्या कमरेपर्यंत जाऊ द्या, तेही झेंड्यांच्या मध्ये. पोहणाऱ्या मोठ्यांनीही छातीच्या वर पाणी जाऊ देऊ नये, कारण पाय टेकलेले असतात तोवरच ओढीला चालत पार करता येतं.

मोठं कुटुंब असलं की सगळ्यांचं लक्ष असतं आणि म्हणून कोणाचंच नसतं. काका समजतात मामी पाहतेय, मामी समजते दादा पाहतोय. यावर उपाय पाळीचा. एका वेळी एक माणूस, गळ्यात शिट्टी, हातात मोबाइल नाही, गप्पा नाहीत, फोटो नाहीत. पंधरा-वीस मिनिटं झाली की शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि तोंडाने सांगायचं, 'आता तुझी पाळी.' दोन लहान लेकरं असतील तर दोन माणसं लागतील. दारू घेतलेल्या माणसाला ना पाळी, ना पाणी.

कपड्यांचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. निळा, पांढरा, हिरवट रंग पाण्यात हरवतो. लेकरांना भडक नारिंगी किंवा पोपटी रंगाचे कपडे घाला. भिजलेली जीन्स, भिजलेली साडी, ओढणी पायात अडकते आणि जड होते. आयाबायांना पाण्यात उभं राहायचं असेल तर सलवार किंवा ट्रॅकपँट बरी. साडीच नेसायची असेल तर घोट्याच्या वर पाणी येऊ देऊ नये.

हवेच्या ट्यूब, दंडाला बांधायचे फुगे, प्लॅस्टिकची बदकं ही खेळणी आहेत. त्यांच्या भरवशावर लेकरू सोडू नका. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि फुगवलेली ट्यूब त्या वाऱ्यावर लेकरासकट आत जाते. पायाच्या मधून पट्टा येणारं, अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट वजनाप्रमाणे निवडा. खांद्याला धरून वर उचलल्यावर ते कानांच्या वर सरकत असेल तर मोठं आहे. आणि जॅकेट घातलं म्हणून हाताचं अंतर वाढवायचं नाही.

एक दिवस आखून पाहू

परभणीचं एक कुटुंब धरा. दोन जोडपी, आजी, चार आणि सात वर्षांची दोन लेकरं आणि सोळा वर्षांचा पुतण्या, जो गावच्या विहिरीत वरून उडी मारतो. मुक्काम कळंगुटला, दिवस मार्गशीर्ष वद्य पंचमीचा. पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, गोव्याकडे म्हणून अर्धा-पाऊण तास कमी. पूर्ण भरती तीनच्या सुमारास, तर ओहोटीचा तळ सकाळी नऊच्या आसपास. गाडी पोचतेय सकाळी आठला.

म्हणजे ज्या वेळी सगळ्यांना पाण्यात धावायचंय, नेमकी तेव्हा ओहोटी चालू आहे आणि माणसं रात्रभराची जागी आहेत. सकाळी पाण्यात कोणी जायचं नाही, हे गाडीतच ठरवा. पण किनाऱ्यावर जा, कारण ओहोटीत समुद्राचा तळ उघडा पडतो. कुठे वाळूचा उंचवटा वर आलाय, कुठे पाण्याची खोल पन्हळ समुद्राकडे जातेय, हे तेव्हा डोळ्यांना दिसतं. दुपारी तीच पन्हळ पाण्याखाली असेल आणि वर शांत पट्टा दिसेल. पुतण्यालाच हे पाहायचं काम द्या. त्याने स्वतः शोधलेली पन्हळ त्याच्या लक्षात राहील, 'आत जाऊ नको' हे शब्द राहणार नाहीत. लेकरं वाळूत किल्ला करतील. तेवढ्यात घरातला एक माणूस जीवरक्षकाच्या मनोऱ्याशी जाऊन विचारेल: आज झेंडे कुठे आहेत, ओढ कोणत्या बाजूला आहे, तुम्ही किती वाजेपर्यंत आहात? सोबत लहान लेकरं आहेत हेही सांगायचं. विचारलं की ते नीट सांगतात.

मग नाश्ता, अंघोळ, दोन-तीन तास झोप. दुपारी हलकं जेवण करून दीडच्या सुमारास परत. आता पाणी चढतंय, मतलई वारा थांबलाय, जीवरक्षक जागेवर आहे. सतरंजी दोन दुरंगी झेंड्यांच्या मध्ये, मनोऱ्याला दिसेल अशी. लेकरांना ठरवून सांगायचं की हरवलात तर त्या मनोऱ्याशी जाऊन उभं राहायचं. उत्तरेला चालत गेलं की बागा लागतं आणि त्याच्या टोकाला खाडी आहे. पुतण्या तिकडे जायचं म्हणाला तर खाडीच्या अलीकडे थांबायचं आणि वाळूवरूनच परत यायचं.

पाऊण तास पाणी, मग बाहेर, उसाचा रस किंवा शहाळं, पुन्हा पाऊण तास. थंडी वाजून ओठ निळसर झालेलं लेकरू 'अजून थोडं' म्हणेल, त्याला पंच्यात गुंडाळून बसवायचं. पूर्ण भरतीला कधी कधी लाट थेट उतरणीवर धाडकन आपटते. तसं दिसलं तर लहानांना बाहेर काढा, वाळूवर आदळून मानेला मार बसतो. तीननंतर पाणी फिरेल. पहिला तास ओहोटी मंद असते, मधल्या दोन तासांत तिचा जोर सर्वांत जास्त. म्हणून चारला सगळे पाण्याबाहेर. सूर्यास्ताचे फोटो वाळूवर, आणि समुद्राकडे पाठ करून खडकावर चढायचं नाही, शेवाळावर पाय सटकतो.

ओढीत सापडलात तर

पाय टेकत असतील तर किनाऱ्याच्या कडेकडेने, आडवं चालत सुटा. पाय सुटले असतील तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. ही ओढ खाली खेचत नाही, फक्त आत नेते, आणि लाटा फुटतात त्याच्या पलीकडे गेली की सहसा मंदावते. पाठीवर तरंगा, श्वास सांभाळा, एक हात वर करून हलवा आणि ओरडा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे फेस दिसतोय तिकडे पोहा. फेस म्हणजे उथळ पाणी, आणि तिथल्या लाटा तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतील. एका बाजूला पोहून पुढे सरकत नसाल तर दुसरी बाजू धरा. पोहता येत नसेल तर नुसतं तरंगत राहणं हेच काम.

दुसरं कोणी ओढीत सापडलं तर त्याच्या मागे पाण्यात उडी मारू नका. विहिरीत आपण तसं करतो आणि बहुतेक वेळा जमतं, कारण काठ जवळ असतो. समुद्रात एकामागोमाग एक घरातली तिघं-चौघं जातात ती अशीच. शिट्टी वाजवा, जीवरक्षकाला बोलवा, एक माणूस फक्त बुडणाऱ्यावर नजर आणि बोट रोखून उभा करा. तरंगणारं काहीतरी फेका. सहलीत पाण्याचे पाच लिटरचे कॅन असतातच. रिकामा झालेला कॅन टाकून देऊ नका, झाकण घट्ट लावून सतरंजीजवळ ठेवा. छातीशी धरला तर तो माणसाला तरंगतं ठेवतो. जीवरक्षक नसेल तर ११२ लावा. १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक आहे. होडीवाल्याला हाक मारा.

बुडणारा नेहमी ओरडत नाही, हे ध्यानात असू द्या. लेकरू तर जवळपास कधीच नाही. ते उभंच असतं, तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होतं, हात बाजूला पाणी दाबत असतात, नजर कुठेच नसते. खेळतंय असं वाटतं. एक मिनिटाच्या आत ते खाली जाऊ शकतं. गलका करणारं लेकरू अचानक गप्प झालं तर आधी तिथे जा, मग काय झालं ते पाहा.

बाहेर काढल्यावर आपल्याकडे उलटं धरून गरगर फिरवतात, पोटावर दाबतात, मडक्यावर पालथं घालतात. हे काहीही करू नका. त्याने पोटातलं पाणी आणि अन्न फुप्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. पाठीवर झोपवा, हाक मारून हलवा, छाती वरखाली होते का ते दहा सेकंदांत पाहा. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या. मान किंचित मागे, हनुवटी वर, नाक दाबून, छाती फुगताना दिसेल असे दोन ते पाच श्वास. बुडालेल्या माणसात प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून नुसती छाती दाबून भागत नाही. मग छातीच्या मधोमध तीस दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने. मोठ्या माणसाला सुमारे पाच सेंटिमीटर खोल, लेकराला छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. उलटी आली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि परत सुरू करा. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

आणि लेकरू शुद्धीवर आलं, रडलं, 'मला काही नाही झालं' म्हणालं, तरी ज्याच्या नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागला, उलटी झाली किंवा जे क्षणभरही बेशुद्ध होतं त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि सहा ते आठ तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्या. खोकला थांबत नसेल, श्वास भराभर चालत असेल, लेकरू नेहमीपेक्षा सुस्त वाटत असेल तर फुप्फुसात पाणी गेल्याची ती लक्षणं असू शकतात. त्या रात्री परतीच्या गाडीत बसवू नका. पुढचे बारा-चौदा तास घाटात आणि महामार्गावर गेले, तर बिघडल्यावर दवाखाना वेळेत सापडणार नाही.